कांद्याच्या कळीत मायोसिस कसं पाहावं आणि त्यातली सरमिसळ कशी मोजावी

मुळाच्या टोकाची स्लाइड बहुतेकांनी कॉलेजात केलेली असते. तिथे दिसतं ते साधं विभाजन, म्हणजे एका पेशीच्या हुबेहूब दोन पेशी. आई-बापाकडच्या जनुकांची सरमिसळ पाहायची तर त्याच कांद्याच्या फुलापर्यंत जावं लागतं, आणि नाशिक जिल्ह्यात ते अवघड नाही. निफाड, चांदवड, सिन्नरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियाण्यासाठी कांदे लावतात, थंडी लागली की डेंगळे वर येतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत टोकावर गोंडे फुलतात. या गोंड्यातल्या न उमललेल्या कळीत, परागकोशाच्या आत, मायोसिस म्हणजे अर्धसूत्री विभाजन चाललेलं असतं.

शेतात जाणं जमत नसेल तर ऑक्टोबरअखेर दोन-चार चांगले कांदे कुंडीत लावा. डिसेंबरची थंडी त्यांचं काम करते. बियाण्याच्या प्लॉटमधून गोंडा घ्यायचा असेल तर मालकाला विचारूनच घ्या, कारण एका गोंड्यात त्याचं शेकडो बी असतं.

कांदाच का, तर त्याची गुणसूत्रं फक्त १६ आहेत, म्हणजे ८ जोड्या, आणि ती चांगली जाडजूड आहेत. कांद्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या साधारण पाचपट भरतो, तोही इतक्या कमी गुणसूत्रांत वाटलेला. त्यामुळे साध्या कॉलेजी मायक्रोस्कोपखालीही एकेक जोडी वेगळी दिसते.

कळी कधी आणि कुठली घ्यायची

गोंडा पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बंद असतो. ती पिशवी फुटायच्या बेतात असताना किंवा नुकती फुटलेली असताना गोंडा खुडा, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. फुलं उमललेली दिसली आणि मधमाश्या फिरायला लागल्या की मोठ्या कळ्यांतलं विभाजन कधीच संपलेलं असतं. मात्र गोंड्यातल्या सगळ्या कळ्या एका वयाच्या नसतात, म्हणून फुलायला लागलेल्या गोंड्याच्या आतही बारीक, कोवळ्या कळ्या सापडतात.

साधारण दोन ते चार मिलिमीटरच्या कळ्या निवडा आणि लहान, मध्यम, मोठ्या अशा वेगळ्या करा. परागकोश अजून पांढुरका, अर्धपारदर्शक असला पाहिजे. पिवळटपणा किंवा हिरवटपणा आला असेल तर आत तयार परागकण आहेत असं समजा. आकारावर आंधळा विश्वास ठेवू नका. जातीनुसार आणि हवेनुसार तो बदलतो, शेवटी स्लाइडच खरी.

कळ्या लगेच फिक्स कराव्या लागतात, नाहीतर पेशी घरी पोहोचेपर्यंत पुढच्या अवस्थेला निघून जातात. तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड हे मिश्रण त्याच दिवशी बनवा. शिळं मिश्रण नीट काम करत नाही. कळ्यांच्या मानाने ते भरपूर असावं. चोवीस तासांनी कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवल्या की सवडीने काम करता येतं. ग्लेशियल ॲसिटिक कातडी भाजतं आणि डोळ्यांना वाईट, म्हणून हातमोजे घाला आणि हे काम प्रयोगशाळेतच करा. शुद्ध अल्कोहोल तसंही बाजारात सहज मिळत नाही.

स्लाइड

कळी काचेवर घ्या, सुईने पाकळ्या बाजूला करा. सहा परागकोश दिसतील, तीन आतल्या रांगेत आणि तीन बाहेरच्या. आतले तीन थोडे पुढे असतात, त्यामुळे एकाच फुलात दोन वेगळ्या अवस्था मिळण्याची शक्यता असते. एका वेळी एकच परागकोश घ्या. बाकी सगळं काचेवरून काढून टाका. पाकळीचा तुकडा राहिला की कव्हरस्लिप नीट बसत नाही आणि नंतर दाब देऊनही पेशी पसरत नाहीत.

त्यावर ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाका आणि परागकोश लोखंडी सुईने फोडा. स्टीलच्या सुईपेक्षा गंजायला आलेली साधी सुई इथे बरी, कारण लोहाच्या अंशाने रंग गडद होतो. परागकोशाच्या भिंतीचे तुकडे काढून टाका, कव्हरस्लिप ठेवा, स्पिरिटच्या दिव्यावरून काच दोन-तीनदा फिरवून कोमट करा. उकळी येऊ देऊ नका. मग टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्या. कव्हरस्लिप आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि त्या स्लाइडमध्ये मोजण्यासारखं काही उरत नाही.

अवस्था ओळखणं

आधी कमी शक्तीच्या भिंगातून सबंध स्लाइड फिरा. ज्यांच्यातून परागकण बनतात त्या परागमातृपेशी मोठ्या, गोलसर आणि झुंडीने असतात. दोन पेशी भिंतीने जोडलेल्या दिसल्या तर पहिलं विभाजन होऊन गेलेलं आहे. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच भिंत येते, हे बऱ्याच एकदल वनस्पतींचं लक्षण आहे. चार पेशींचे गट दिसले तर दुसरंही झालं. सुटे गोल परागकण दिसले तर कळी फारच मोठी घेतली. तिन्ही प्रसंगी उपाय एकच, थोडी लहान कळी घ्या. उलट प्रत्येक पेशीत नुसता धाग्यांचा गुंता दिसत असेल तर थोडी मोठी.

हव्या त्या पेशीत आठ जाड आकृत्या दिसल्या पाहिजेत. सुरुवातीच्या गोंधळाचं मूळ इथेच असतं. ही आठ गुणसूत्रं नव्हेत, आठ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एक गुणसूत्र आईकडचं, एक बापाकडचं, आणि दोन्हींची आधीच नक्कल झालेली असल्याने प्रत्येक आकृतीत चार धागे असतात. या धाग्यांना क्रोमॅटिड म्हणतात. सोळा सुटी गुणसूत्रं ओळीत दिसली, तर बहुतेक ती परागकोशाच्या भिंतीतली साधी विभागणारी पेशी आहे. तिला सोडून द्या.

आठ आकृत्या पेशीत विखुरलेल्या असतील तर ती डायकायनेसिस, मधल्या रेषेवर आल्या असतील तर मेटाफेज वन. या दोन अवस्थांत दोन्ही सरमिसळींचा माग लागतो.

पहिली सरमिसळ: जोड्या कशा उभ्या राहतात

मेटाफेज वनमध्ये प्रत्येक जोडीचं एक गुणसूत्र पेशीच्या एका टोकाकडे, म्हणजे एका ध्रुवाकडे तोंड करून असतं, दुसरं दुसऱ्या ध्रुवाकडे. आईकडचं वर जाणार की खाली, हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरतं. शेजारच्या जोडीने काय केलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आठ जोड्या, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणून दोन आठ वेळा घेऊन एकमेकांशी गुणले की २५६ तऱ्हेचे परागकण संभवतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पाठ्यपुस्तकातली आकृती ती लपवते. हे २५६ प्रकार एका पेशीतून येत नाहीत. एका पेशीत जोड्या एकाच पद्धतीने उभ्या राहतात. समजा वरच्या ध्रुवाकडे चाललेला संच असा आहे: आई, बाप, आई, आई, बाप, आई, बाप, बाप. मग खाली जाणार त्याचा बरोबर उलटा संच. दुसऱ्या विभाजनात नुसते क्रोमॅटिड वेगळे होतात, म्हणून त्या पेशीच्या चार परागकणांत फक्त दोन प्रकार असतात, प्रत्येकी दोन. बाकीचे प्रकार शेजारच्या पेशींतून येतात. एका परागकोशात अशा भरपूर पेशी असतात, म्हणून एकाच फुलातही जवळजवळ सगळे प्रकार सापडू शकतात. सगळी आठच्या आठ गुणसूत्रं आईकडचीच असलेला कण २५६त एखादा.

एकाच झाडाच्या परागांचा त्याच झाडाच्या बीजांडांशी संयोग झाला तर २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ जुळण्या होतात. पण त्यातल्या अनेक सारख्याच असतात, कारण परागाकडून आईचं गुणसूत्र आणि बीजांडाकडून बापाचं आलं काय किंवा उलटं झालं काय, रोप तेच. प्रत्येक जोडीला आई-आई, आई-बाप, बाप-बाप असे तीनच वेगळे पर्याय राहतात, आणि तीन आठ वेळा घेऊन एकमेकांशी गुणले की ६,५६१ येतात. पुस्तकात किंवा व्हिडिओत हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले तर गोंधळू नका. पहिला जुळण्यांचा आहे, दुसरा वेगळ्या रोपांचा.

हे सगळं कांद्याच्या स्लाइडमध्ये दिसतं का? खरं सांगायचं तर नाही. जोडीतली दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखीच, त्यांच्यावर नाव लिहिलेलं नसतं. जोड्या उभ्या राहिलेल्या दिसतात, कोण कुठे तोंड करून आहे ते दिसत नाही. ज्यांना ते पाहायचं होतं त्यांना वेगळा प्राणी शोधावा लागला. १९१३ मध्ये एलिनॉर कॅरोदर्स यांना असे नाकतोडे सापडले ज्यांच्या एका जोडीतली दोन गुणसूत्रं लांबीला असमान होती. नरात एक्स गुणसूत्र एकटंच असल्याने तेही ओळखू येतं. असमान जोडीतलं लांब गुणसूत्र एक्सच्या बाजूला जातं की विरुद्ध, हे त्यांनी पेशीमागून पेशी मोजलं आणि दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे भरले. स्वतंत्र वाटणीचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा तो.

दुसरी सरमिसळ: कायाझ्मा मोजणं

एका गुणसूत्रावरची हजारो जनुकं एकत्रच प्रवास करणार असती तर २५६ वर गोष्ट संपली असती. पण मायोसिसच्या सुरुवातीला, धागे बारीक असताना, जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना लांबीभर चिकटतात आणि ठरावीक ठिकाणी एका बाजूचा एक क्रोमॅटिड आणि समोरच्याचा एक क्रोमॅटिड तुटून अदलाबदलीने जोडले जातात. हेच क्रॉसिंग ओव्हर. ते घडताना तुम्हाला दिसत नाही, त्या वेळी स्लाइडमध्ये नुसता शेवयांसारखा गुंता असतो. नंतर गुणसूत्रं आखडतात, एकमेकांपासून दूर व्हायला बघतात आणि जिथे अदलाबदल झाली तिथेच अडकून राहतात. त्या अडकलेल्या जागेला कायाझ्मा म्हणतात.

मेटाफेज वनमध्ये प्रत्येक जोडीचा आकार बघा. दोन्ही भुजांवर, म्हणजे गुणसूत्राच्या मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना, अडकलेली जोडी कड्यासारखी, मधे भोक असलेली दिसते. एकाच भुजेवर अडकलेली जोडी दांडीसारखी किंवा फुलीसारखी. कड्याला दोन कायाझ्मा, दांडीला आणि फुलीला एक असं धरून मोजायचं. समजा एका पेशीत सहा कडी आणि दोन दांड्या मिळाल्या. सहा दुणे बारा आणि दोन, चौदा कायाझ्मा. एका पेशीवर थांबू नका. पंचवीस-तीस चांगल्या पसरलेल्या पेशी मोजून सरासरी काढा. ही सरासरी नेहमी कमीत कमी आकडा असते, कारण एकाच भुजेवर जवळजवळ दोन कायाझ्मा असतील तर ते एकासारखे दिसतात. आकृत्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर अंदाज बांधत बसू नका, ती पेशी सोडा.

आता याने परागकणांत किती फरक पडतो ते बघू. एकाच गुणसूत्रावर दोन जनुकं घ्या. आईकडच्या गुणसूत्रावर क१ आणि ख१, बापाकडच्यावर क२ आणि ख२. परागमातृपेशी १००, म्हणजे परागकण ४००. समजा २० पेशींत या दोन जनुकांच्या मधोमध एक अदलाबदल झाली, बाकी ८० मध्ये नाही.

ऐंशी पेशींचे ३२० कण जुन्याच जोडणीचे: १६० कण क१-ख१ आणि १६० कण क२-ख२. वीस पेशींचे ८० कण येतात, पण ते सगळे नवे नसतात. प्रत्येक पेशीत चार क्रोमॅटिडपैकी फक्त दोघांनी अदलाबदल केली, उरलेले दोन जसेच्या तसे. म्हणून त्यातले ४० कण जुने आणि ४० नवे: वीस क१-ख२ आणि वीस क२-ख१. एकूण ४०० पैकी ४० नवे, म्हणजे १० टक्के. अदलाबदल २० टक्के पेशींत झाली, नवी जोडणी १० टक्के कणांत मिळाली. हा निम्म्याचा हिशेब एकदा हाताने कागदावर करा. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

याच हिशेबातून वरची मर्यादाही कळते. शंभरच्या शंभर पेशींत मधे एक अदलाबदल झाली तरी नवे कण ५० टक्केच. ती जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असती तरी चारही जोडण्या शंभर-शंभर, म्हणजे नवे कण ५० टक्केच आले असते. त्यामुळे प्रयोगात ५० टक्के आले तर जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत की एकाच गुणसूत्रावर लांब-लांब आहेत, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. मधलं तिसरं जनुक घेऊन पुन्हा तपासावं लागतं.

दहा टक्के नव्या जोडणीला जनुकांच्या नकाशावर १० सेंटीमॉर्गन अंतर म्हणतात, आणि निम्म्याच्या हिशेबाने एक कायाझ्मा म्हणजे ५० सेंटीमॉर्गन. वरच्या पेशीतले चौदा कायाझ्मा गुणिले पन्नास, ७०० सेंटीमॉर्गन. एक साधी स्लाइड कांद्याच्या सगळ्या गुणसूत्रांच्या नकाशाची किमान लांबी सांगून जाते, एकही बी न पेरता. मला हा भाग सगळ्या प्रात्यक्षिकात सर्वांत आवडतो.

कायाझ्मा म्हणजे खरोखर तुकड्यांची अदलाबदल, याचा पुरावा मक्यातून आला. १९३१ मध्ये हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असा मका वापरला ज्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा तुकडा. ज्या दाण्यांत जनुकांची नवी जोडणी दिसली, त्यांच्या गुणसूत्रांतही गाठ आणि तुकडा यांची ताटातूट झालेली होती.

बिघाड कसा ओळखायचा

आठऐवजी नऊ आकृत्या मोजल्या, आणि त्यातल्या दोन बारीक, एकट्या असतील, तर एका जोडीत कायाझ्मा झालाच नाही. क्रॉसिंग ओव्हरचं हे दुसरं काम लोक विसरतात: पहिल्या विभाजनात जोडी बांधून ठेवणारी गाठ तीच. ती नसेल तर दोन्ही गुणसूत्रं मनाला येईल तिकडे जातात. कधी योगायोगाने वाटणी बरोबर होते, कधी एका ध्रुवाला नऊ आणि दुसऱ्याला सात. पुढच्या अवस्थेत मधेच रेंगाळलेलं गुणसूत्र दिसलं, किंवा चार पेशींच्या गटात मुख्य केंद्रकाशेजारी ठिपक्याएवढं छोटं केंद्रक दिसलं, तर तोच बिघाड. एखाद-दुसऱ्या पेशीत असं दिसणं चालतं. बऱ्याच पेशींत दिसलं तर आधी स्वतःवर संशय घ्या: जोरात दाबल्यानेही जोडी फाटते. त्याच गोंड्याची दुसरी स्लाइड हलक्या हाताने करून बघा. तिथेही तेच दिसलं तर दोष झाडात आहे, आणि अशा झाडाचे बरेच पराग रिकामे निघतात. उमललेल्या फुलातले पराग ॲसिटोकार्मिनमध्ये ठेवले की भरलेले कण लाल होतात, पोकळ कण फिके राहतात.

शेतात याचा अर्थ काय

पिंपळगावच्या द्राक्षबागेत एका जातीची सगळी झाडं सारखी असतात, कारण ती काडीपासून, म्हणजे साध्या विभाजनाने वाढवलेली असतात. तिथे मायोसिसला मधे येऊच दिलेलं नाही. कांद्याचं तसं नाही. कांदा बियाण्यानेच वाढतो, आणि फुलातले पराग त्याच फुलाचं स्त्रीकेसर तयार व्हायच्या आधी झडतात, म्हणून परागीभवन बहुतेक दुसऱ्या झाडाशी, मधमाश्यांमार्फत होतं. एकाच सुंदर कांद्याचं बी धरलं तरी रोपांत रंग, आकार, मान यांचा फरक दिसतो. त्याला बियाणं भेसळीचं होतं असं लगेच म्हणू नये. भेसळ असेलही, पण दोन्ही सरमिसळी एकाच गोंड्यात झालेल्या असतात. घरचं बी धरणारे शेतकरी एका कांद्यावर अवलंबून न राहता सारख्या गुणांचे बरेच कांदे निवडून एकत्र लावतात आणि दुसऱ्या जातीच्या प्लॉटपासून लांब ठेवतात, ते याचसाठी.

एक तुलना मात्र जमली तर जरूर करा. जपानी पातीचा कांदा, अ‍ॅलियम फिस्टुलोसम, यालाही सोळाच गुणसूत्रं, म्हणजे पहिल्या सरमिसळीचे २५६ प्रकार तिथेही तितकेच. पण त्याचे कायाझ्मा गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळ, सेंट्रोमिअरपाशी गोळा झालेले असतात, तर आपल्या कांद्यात ते भुजांवर इकडेतिकडे पसरलेले. स्लाइडमध्ये फरक लगेच कळतो: पातीच्या कांद्यात जोड्या मधे आवळलेल्या आणि चारही भुजा मोकळ्या सुटलेल्या, फुलीसारख्या दिसतात; आपल्या कांद्यात मोठमोठी कडी. पातीच्या कांद्यात भुजेच्या बाहेरच्या भागातली जनुकं त्यामुळे बरीचशी गठ्ठ्यानेच पुढे जातात. कायाझ्मांची संख्या सारखी धरली तरी ते कुठे पडतात यावर किती सरमिसळ होणार हे ठरतं, म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका. प्रत्येक जोडीशेजारी कडं, दांडी की फुली हेही लिहा.